समेआधी दम कसा घालवावा

सोसायटीच्या गणेशोत्सवात, कोजागरीला गच्चीवर किंवा क्लासच्या गुरुपौर्णिमेला गाणाऱ्या नवशिक्याला एक गोष्ट कुणी न शिकवता येते: ओळ संपायच्या आधी श्वास संपवणं. मात्र ही कला उपजत असल्यामुळे तिच्यात सातत्य नसतं. एखाद्या दिवशी चुकून ओळ पुरी होते आणि पुढच्या वेळी लोकांच्या अपेक्षा वाढलेल्या असतात. हा धोका टळावा म्हणून ही मार्गदर्शिका. पहिल्या तीन पायऱ्या मनोभावे पाळल्यात तर दम हमखास जाईल. ज्यांना तो टिकवायचाच आहे अशा हट्टी मंडळींसाठी पुढे उताराही दिला आहे.

साहित्य

फार काही लागत नाही. बसायला आसन, तंबोरा आणि तबला वाजवणारं ॲप, नारळपाणी प्यायची एक नळी, एक उंच पेला आणि भूपातली एकच जागा. सा, रे, ग, प, ध या सुरांना एकेक मात्रा द्या आणि तार सा तीन मात्रा धरा. परतताना ध, प, ग, रे यांना पुन्हा एकेक मात्रा आणि शेवटचा सा चार मात्रा. झाल्या सोळा मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. मात्रेला एक सेकंद अशी लय लावली तर सोळा सेकंद. हे सगळं आकारात, आपापल्या पट्टीत आणि एका श्वासात म्हणायचं आहे. निदान तसा प्रयत्न चालू आहे, असं श्रोत्यांना वाटायला हवं.

पायरी पहिली: श्वास खांद्यांनी घ्या

मांडी घालून पुढे ओणवे व्हा, पाठीला बाक द्या आणि दोन्ही खांदे कानांपर्यंत न्या. श्वास घेताना आवाज झाला पाहिजे. शेवटच्या रांगेतल्या काकूंना तो ऐकू आला तर पायरी जमली म्हणायची.

यामागचं शास्त्र असं. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नसतात. छातीचा पिंजरा जिकडे जाईल तिकडे ती जातात. पिंजऱ्याच्या तळाशी श्वासपटल नावाचा घुमटाच्या आकाराचा स्नायू आहे. तो आकसला की घुमट सपाट होतो, खाली सरकतो आणि वर हवेला जागा होते. खाली मात्र आतडी, जठर, यकृत अशी मंडळी आधीच दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांना बाजूला व्हावं लागतं, म्हणून पोट पुढे येतं. त्याच वेळी खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना पसरतात. पोटात हवा जात नाही. पोट फक्त हवेला जागा करून देतं.

पाठीला बाक देऊन पोट चेपलं की श्वासपटलाला खाली जायला वाट उरत नाही. मग शरीर मानेचे स्नायू कामाला लावून छातीचा वरचा भाग उचलतं. त्यातून हवा थोडीच मिळते, पण गळ्याभोवतीचं सगळं ताठ होतं. पहिला सूर लावण्याआधीच गळा आवळण्याची ही सोय आहे.

पायरी दुसरी: काठोकाठ भरा आणि गळ्याला कुलूप लावा

छातीत आणखी कणभरही हवा मावणार नाही इतका श्वास घ्या. मग तो निसटू नये म्हणून गळा आतून घट्ट मिटा. मानेच्या शिरा दिसू लागल्या की तयारी झाली.

नवशिक्याची समजूत असते की लांब ओळीला हवा कमी पडते. खरी गंमत उलटी आहे: सुरुवातीला ती जास्त होते. फुप्फुसं आणि बरगड्या ताणल्या की त्यांना मूळ जागी परतायची घाई असते. तोंड न बांधता सोडलेला फुगा जसा फुर्रकन रिकामा होतो तसाच हा प्रकार. हा परतीचा दाब मोजताही येतो. पाण्यात सात सेंटिमीटर खोल नळी धरून बुडबुडा काढायला जेवढा दाब लागतो, साधारण तेवढ्यावर आपलं रोजचं बोलणं चालतं. मध्यम आवाजातल्या गाण्याला दहा-पंधरा सेंटिमीटरचा दाब पुरतो. पण काठोकाठ भरलेली छाती नुसती सैल सोडली तरी तीस सेंटिमीटरच्या आसपास दाब आपोआप तयार होतो. म्हणजे गरजेच्या दुप्पट, आणि तोही तुम्ही काहीच न करता.

आता हा जास्तीचा दाब कुणीतरी अडवायला हवा. गळा आवळून अडवला तर आवाजही आवळला जातो. पण या पायरीवर आपल्याला तेच हवं आहे.

पायरी तिसरी: पहिल्या सा वर सगळं उधळा

आता कुलूप झटक्यात उघडा, पोट जोरात आत ओढा आणि ‘आ’ऐवजी ‘हा’ म्हणत सा वर तुटून पडा. पहिला सूर दणक्यात लागला की मैफल जिंकली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही पायरी सर्वात महत्त्वाची.

आवाज गळ्यातल्या दोन स्वरतंतूंच्या कंपनातून होतो. ते नीट एकमेकांना टेकले की थोड्या हवेत काम भागतं. ‘हा’ म्हणताना ते उशिरा टेकतात आणि मधल्या फटीतून हवा फुकट जाते. तोंडासमोर तळहात धरून आधी ‘हा’ आणि मग स्वच्छ ‘आ’ म्हणून पाहा. पहिल्या वेळी तळहाताला झुळूक लागेल, दुसऱ्या वेळी जेमतेम ऊब.

पोट आत ओढण्यानं त्यावर कळस चढतो. दाब आधीच दुप्पट असताना आणखी दाब देणं यालाच पुष्कळ जण ‘पोटातून गाणं’ समजतात. गुरुजी म्हणतात, “पोटातून गा,” आणि शिष्य पोटावर चढाई करतो.

हिशेब

या तीन पायऱ्यांचं फळ कागदावर मांडून पाहू. मोठ्या माणसाची फुप्फुसं काठोकाठ भरली आणि शक्य तेवढी रिकामी केली तर तीन ते पाच लिटर हवा ये-जा करते. शांत बसलेले असताना आपण त्यातली अर्धा लिटरच वापरतो. गाताना तीन लिटर हाताशी आहेत असं धरू.

स्वरतंतू नीट टेकलेले नसतील आणि दाब मोकाट असेल तर सेकंदाला ३०० मिलिलिटर हवा सहज जाते. तीन लिटर दहा सेकंदांत संपतात. आपल्या भूपात आठ सेकंदांपर्यंत तार सा पुरा होतो, नवव्याला ध, दहाव्याला प, आणि ग च्या तोंडाशी हवा संपते. उरलेले तीन सूर तुम्ही श्रोत्यांच्या कल्पनाशक्तीवर सोडता. सगळी हवा गेलेली असल्यामुळे पुढचा श्वास खांद्यांनी आणि घाईत घेतला जातो, म्हणजे पुन्हा पायरी पहिली. एकदा सुरू झालेलं हे चक्र आपोआप चालतं.

हाच खर्च १५० मिलिलिटरवर आणला तर तीन लिटर वीस सेकंद पुरतात. सोळा मात्रा होतात आणि सहाशे मिलिलिटर शिल्लक राहतात. छाती तीच आणि हवाही तेवढीच. फरक खर्चात आहे.

उतारा

ज्यांना ही शिल्लक हवी आहे त्यांनी इथून पुढे वाचावं.

श्वासाचा आधार म्हणजे जोर लावणं नव्हे, निदान ओळीच्या पहिल्या भागात तरी नाही. श्वास आत घेणारे स्नायू, म्हणजे बरगड्या पसरवणारे स्नायू आणि काही अंशी श्वासपटल, श्वास बाहेर जात असतानाही पुरते सैल सोडायचे नाहीत. तेच लगाम धरतात आणि तिसाचा दाब दहावर आणून ठेवतात. छाती हळूहळू रिकामी होत जाते तसा परतीचा दाब कमी होतो आणि लगामही हळूहळू सैल होतो. निम्म्याहून अधिक हवा गेली की हा दाब संपतो. तिथून पुढे पोटाच्या स्नायूंनी हलकेच आत येत तो पुरवायचा असतो. म्हणजे पोट आत यायचंच आहे, फक्त सगळ्यात शेवटी आणि सावकाश. तिसऱ्या पायरीत चूक क्रियेची नव्हती, वेळेची होती.

अडचण एकच. श्वासपटल कुठे आहे ते आपल्याला आतून जाणवत नाही. त्याला थेट हुकूम देता येत नाही. म्हणून सराव नेहमी बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर करायचा. पुढचे चार सराव दिलेल्या क्रमानं करा.

पहिला सराव आडवं पडून. गुडघे दुमडून उताणे पडा आणि पोटावर एखादं जाड पुस्तक ठेवा. दिवाळी अंक चालेल. नाकानं श्वास घेतला की पुस्तक वर गेलं पाहिजे, छातीचा वरचा भाग जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. मग दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर बाजूंनी ठेवा आणि त्या बाहेर सरकतात का ते पाहा. दोन-तीन मिनिटं पुरे. हेच नंतर बसून करायचं. मांडी घालून बसताना कुल्ल्यांखाली चादरीची जाड घडी घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली जातात, पाठ सरळ होते आणि पोट मोकळं राहतं.

दुसरा सराव ‘स्स्स’चा. चार मोजत श्वास घ्या, पण काठोकाठ नको. आणखी थोडी जागा आहे असं वाटेल तिथे थांबा. क्षणभर तसेच राहा, गळा उघडा ठेवून. गळा उघडा आहे हे ओळखायची खूण म्हणजे त्या क्षणी हवा बाहेरही जात नसते आणि कुठे अडल्यासारखंही वाटत नाही. मग दातांमधून ‘स्स्स’ सोडा, बारा मोजेपर्यंत. तळवे बरगड्यांवरच असू द्या. निम्म्या मोजणीपर्यंत त्या पसरलेल्याच राहायला हव्यात. आवाज पहिल्या आकड्याला आणि बाराव्याला सारखाच ऐकू आला तर पुढच्या आठवड्यात सोळा आणि मग वीस. सुरुवात मोठी आणि शेवट बारीक झाला तर वीस सेकंद टिकवूनही उपयोग नाही, कारण लगाम धरलाच गेला नाही. पाच-सहा वेळा केल्यावर चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा रक्तदाब जास्त असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास रोखण्याचे आणि ताणण्याचे प्रकार करू नका.

तिसरा सराव नळीचा, आणि चुगलखोर असल्यामुळे सर्वात उपयोगी. पेल्यात पाणी घ्या, नळीचं टोक पाच सेंटिमीटर बुडवा, ओठ नळीभोवती मिटा आणि नळीतून आपला सा ‘ऊ’कारात धरा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. सुरुवातीला पाणी उसळून आसनावर आलं तर पायरी तिसरी अजून अंगात आहे. बुडबुडे मध्येच थांबले आणि सूर चालूच राहिला तर हवा नाकावाटे निसटते आहे. बुडबुडे एकसारखे आले की त्याच श्वासात बुडबुड्यांमधलं अंतर न बिघडवता सा रे ग रे सा करा. नळीमुळे तोंडात थोडा दाब राहतो. त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत आणि दमलेल्या गळ्यालाही हा सराव सोसतो.

चौथा सराव आपला भूप. इथे एक जुनी सवय मोडावी लागेल: रोज सर्वात संथ लयीत दम अजमावण्याची. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आपलं आवर्तन आठ सेकंदांत संपतं. तिथून सुरुवात करा. शेवटच्या सा च्या चारही मात्रा भरदार लागल्या आणि थोडी हवा उरली की ९६ वर या. आता दहा सेकंद. मग ८० वर बारा, आणि सगळ्यात शेवटी ६० वर सोळा सेकंद. प्रत्येक लयीत पहिला सा मुद्दाम हलका लावा आणि तार सा कडे जाताना आवाज आपोआप वाढू द्या. तिथून ध कडे उतरताना पोट हलकेच आत येऊ लागलं पाहिजे. ते त्याआधी आलं तर लगाम लवकर सुटला. आलंच नाही आणि शेवटचा सा थरथरला तर शेवटचा दाब कुणी पुरवलाच नाही.

सकाळी खर्ज लावायची सवय असेल तर हाच नियम तिथेही लागू आहे. सूर खाली आला म्हणून हवा जास्त सोडायची नसते. खर्जाचा सूर घोगरा आणि हवेशीर लागत असेल तर आणखी खाली जाऊ नका, अर्धी पट्टी वर या.

कुठे चोरायचा

दमसास वाढवूनही प्रत्येक ओळ एका श्वासात होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची असेल तर आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. ते एका श्वासात कुणी म्हणत नाही. ऐकणाऱ्याला तसं वाटतं ते श्वास योग्य जागी चोरल्यामुळे. श्वास शब्दाच्या मध्ये घ्यायचा नाही. एखादा न्यासाचा सूर पुरा झाला की त्याच्या शेपटीत घ्यायचा, आणि हवा संपण्याच्या आधी घ्यायचा. शिल्लक असताना घेतलेला श्वास अर्ध्या मात्रेत होतो. हवा पार संपल्यावर घेतलेल्या श्वासाला दोन मात्रा लागतात आणि तो ऐकू येतो. म्हणून बंदिशीच्या वहीत शब्दांच्या वर मात्रांसारख्याच श्वासाच्या खुणाही करून ठेवा. मुखडा उचलण्याआधीची खूण सर्वात ठळक असू द्या, कारण समेला पोचायला नेमकी तिथलीच हवा लागते.

फुप्फुसांचा आकार उंची, वय आणि शरीराच्या घडणीवर ठरतो. मोठ्या माणसात तो सरावानं फारसा बदलत नाही. सुधारतो तो खर्च. भीमसेन जोशींच्या दीर्घ श्वासाच्या ताना ऐकून आपली छाती लहान पडते असं वाटत असेल तर कुमार गंधर्व आठवावेत. १९४०च्या दशकाच्या शेवटी त्यांना क्षय झाला, गाणं काही वर्षं बंद राहिलं आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. ते परतले ते छोट्या, नेमक्या स्वरवाक्यांचं गाणं घेऊन, आणि त्यांच्या गाण्यातल्या विरामांनाही वजन होतं. हवा किती आहे हे पाहून वाक्याची लांबी ठरवणं ही तडजोड नसते, गायकी असते.

दुरुस्तीच्या पलीकडे

सगळं नीट करूनही श्वास पुरत नसेल तर दोष दमाचा आहे की गळ्याचा, हे घरी अजमावता येतं. एका श्वासात ‘स्स्स’ किती सेकंद टिकतो ते मोजा. मग तेवढ्याच श्वासात भुंग्यासारखा ‘झ्झ्झ’ गळ्यातून आवाज काढत किती टिकतो ते मोजा. पहिल्यात स्वरतंतू काम करत नाहीत, दुसऱ्यात करतात. दोन्ही वेळा जवळपास सारख्या आल्या तर गळा ठीक आहे आणि सराव कमी पडतो आहे. ‘स्स्स’ वीस सेकंद आणि ‘झ्झ्झ’ जेमतेम बारा-तेरा, असं पुन्हापुन्हा होत असेल तर स्वरतंतू नीट मिटत नसावेत. दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तरी हाच संशय घ्यावा. अशा वेळी जास्त रियाज हा उपाय नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

एवढं करूनही ऐन कार्यक्रमात समेच्या दोन मात्रा आधी हवा संपलीच, तर तबलजीकडे वळून हात उंचवा आणि मनापासून मान डोलवा. दाद द्यायला एक मात्रा लागते, आणि तेवढ्यात खालच्या बरगड्यांतून एक श्वास व्यवस्थित घेता येतो. तबलजीनं काही विशेष वाजवलेलं असण्याची अट नाही.